जू सोडा, मग म्हणते

परवा नातवाच्या शाळेतून सुनेच्या फोनवर एक कविता आली. पोळ्याच्या कार्यक्रमाला पाठ करून म्हणायची होती. पोरगं दिवसभर घरात फिरत घोकत होतं, ‘बैलराजा, बैलराजा, थँक्यू तुला.’ ह्या पोरानं बैल बघितलाय तो फटफटीवरून, तोही लांबून, आणि शेण दिसलं की नाकाला रुमाल लावतंय. त्याच्या बाईंनी ती कविता फोनवरूनच उचललेली. खाली कुणाचं नाव नाही, वर फुलं आणि मध्ये एक परदेशी बैल, त्याला वशिंडच नाही! मी सुनेला म्हटलं, “अगं, ह्याला वशिंड न्हाय, मग जू कुठं ठिवायचं?” ती म्हणाली, “आत्या, चित्र आहे ते.” मी गप्प बसले. माझं वय झालं म्हणून मी गप्प बसते, असं ह्या घरात सगळ्यांना वाटतं. पण असल्या कवितेची आणि माझी ओळख जुनी आहे. सातवीत असताना मी एक म्हटली होती, आणि त्या म्हणण्यावर माझं पुढचं शिक्षण टांगलेलं होतं.

आमचं गाव कळंबपासून आतल्या अंगाला, फाट्यावर एसटीतून उतरून पुढं पायी. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा गोठा. गोठा पुढं का, तर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बैलांचं ऐकू यायला हवं. कडबा चावल्याचा करकर आवाज चालू असला की आबा झोपायचे, थांबला की जागे व्हायचे. आईनं हाक मारली तर मात्र तीनदा मारावी लागे, आणि हे ती आल्यागेल्याला सांगायची. आमची देवणी जातीची जोडी होती, हिऱ्या आणि लाख्या. लाख्या थोराड, आळशी, पोत्यासारखा बसून राहणारा. हिऱ्या अंगानं कमी पण मानी. त्याला कुणी हाड म्हटलेलं चालत नसे, शेपटी उडवून तोंड फिरवायचा. उन्हाळ्यात कुळवाला, पाऊस झाला की पेरायला तिफणीला, पीक गुडघ्याला लागलं की तण काढायला कोळप्याला, सुगीत खळ्यावर, आणि मधल्या सगळ्या दिवसांत गाडीला. बैलाचं काम म्हणजे एवढं सगळं. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या मोठ्या गुरुजींना बैलाचं एकच काम माहीत होतं, नांगर.

मोठे गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. सोलापुरातून आलेले, पांढरंशुभ्र धोतर, आणि चालताना ते असं वर धरायचे की जसं काही आमचं सगळं गावच चिखल आहे. स्वतःला कवी म्हणवून घ्यायचे. कविता कशी करायचे ते मी डोळ्यांनी बघितलंय. आधी शेवटचे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात एकाखाली एक लिहायचे, वंदन, अभिनंदन, नंदन, चंदन, आणि मग त्यांच्या पुढं जे बसेल ते कोंबायचे. त्या वर्षी शिक्षण खात्याचे साहेब पोळ्याला गावात येणार असं ठरलं आणि गुरुजींच्या अंगात आलं. शाळेत ‘वृषभ कृतज्ञता सोहळा’ करायचा. बैल म्हटलं तर काय जीभ झडत होती का, पण नाही, वृषभ! चार कडव्यांची कविता झाली आणि ती म्हणायला मला निवडलं, कारण माझा आवाज शाळेतून वेशीपर्यंत जायचा. आई म्हणायची, हिला दारातनंच हाक मारायला सांगा, शेतात पोरगा पाठवायची गरज न्हाय.

पहिलं कडवं असं होतं:

हे वृषभराजा, तुजला वंदन,
करितो आम्ही तव अभिनंदन,
हासत हासत ओढिशी नांगर,
तव कृपेने फुलले शिवार.

हासत हासत! मी घरी जाऊन हिऱ्याच्या तोंडाकडं किती वेळ बघत बसले. तालमीला रोज शाळा सुटल्यावर थांबायचं. ‘वंदन’ला हात जोडायचे, ‘हासत हासत’ला मान डोलवायची, ‘नांगर’ला दोन्ही मुठी पुढं धरायच्या. मी गुरुजींना म्हटलं, गुर्जी, मुठी नांगर धरणाऱ्याच्या असत्यात, बैलाच्या न्हाईत. ते म्हणाले, “हा अभिनय आहे.” मग मी धीर करून मी केलेल्या दोन ओळी त्यांना सांगितल्या. कोळपताना बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, दोरीची जाळी. नाहीतर तो चालता चालता पीक खाईल. दिवसभर हिरवं नाकाशी आणि तोंड बांधलेलं, तरी तो दोन ओळींच्या मधून सरळ चालतो, रोपावर पाय पडू देत नाही. मला वाटायचं, आभार मानायचे तर ह्याचे मानावेत.

तोंडाला मुसकं, समोर हिरवं रान,
ओळ सोडून गेली न्हाय कधी तुझी मान.

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, “सुमन, मुसकं हा शब्द काव्यात शोभत नाही. आणि न्हाय काय, न्हाय?” पोरं हसली. मी खाली बसले. आज इतकी वर्षं झाली तरी त्या माणसाचं ते चष्मा पुसणं आठवलं की माझं टाळकं सणकतं.

तरी मी ती कविता घोकली, आणि मुकाट्यानं घोकली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर कळंब, आणि कळंबात राहायचं तर मुलींचं वसतिगृह. तिथं जागा कमी, आणि साहेबांचा शब्द तिथं चालायचा. गुरुजींनी आबांना सांगितलं होतं, “तुमची सुमन साहेबांपुढं नीट म्हणू द्या, मी त्यांच्या कानावर घालतो. जागा झालीच म्हणून समजा.” माझ्या बरोबरीच्या दोन पोरींची लग्नं ठरली होती. माझ्यासाठीही कुणीतरी परंड्याकडचं स्थळ सांगून गेलं होतं, आणि आई ते नुसतं ऐकून घेत होती, हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. म्हणून मी मान डोलवत होते, मुठी धरत होते आणि हासत हासत म्हणत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं तो खांदा त्या दिवशी मालकानं मळून द्यायचा. आईनं चुलीवर पाणी ऊन केलं, आबांनी दोघांचे खांदे धुतले, मग तूप आणि हळद घेऊन पळसाच्या पानानं हळूहळू चोळायला बसले. गोठ्यात तुपाचा आणि पळसाचा असा एक वास भरून राहतो त्या संध्याकाळी, तो मला अजून कुठल्या सणाला येत नाही. त्या वर्षी हिऱ्याचा खांदा आला होता. म्हणजे कोळपणीत जू घासून घासून तिथं गाठ सुजली होती आणि वरची कातडी फाटली होती. आबांनी पान लावलं की हिऱ्या अंग आकसून घ्यायचा, पण पाय उचलला नाही त्यानं. आबा म्हणाले, “ह्याला आता जू न्हाय. रब्बीच्या पेरणीपतूर खांदा वाळला पायजे, न्हाईतर तिफणीला एकटा लाख्या काय करनार?” मग दोघांच्या कपाळाला हात लावून रीतीप्रमाणं म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी बैल पाहुणा. त्याला हाकायचं नाही, मारायचं नाही आणि त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा हे जाणतं.

हात अजून हळदीचे होते आणि गुरुजी आले. धोतर वर धरूनच गोठ्याच्या तोंडाशी उभे राहिले.

“आबासाहेब, उद्या सकाळी साहेब फाट्यावर उतरतील. त्यांना बैलगाडीतून वाजतगाजत शाळेत आणायचं ठरलंय. तुमची जोडी गावात देखणी. छान सजवा आणि जुंपून आणा.”

आबांना वाटलं गुरुजी चेष्टा करतायत. ते म्हणाले, “गुर्जी, उद्या पोळा हाय.”

“म्हणून तर!”

“उद्या जू धरत न्हाईत बैलाला.”

“अहो, साहेबांना घेऊन यायचं म्हणजे काय काम आहे का ते? सन्मान आहे त्यांचा.”

“आन् ह्याचा खांदा आलाय. बघा की.”

गुरुजींनी बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. “मग असं करू. गाडी दुसऱ्या कुणाची सांगतो. कवितासुद्धा त्यांच्याच घरची कुणीतरी म्हणेल. तुमची मर्जी.” आणि गेले.

आई चुलीपुढून बाहेर आली. “त्या सायबाला पाय न्हाईत का? फाट्यावरनं म्हाताऱ्या बाया डोक्यावर बाजार घिऊन चालत येत्यात!” आबा हिऱ्याच्या खांद्याची हळद निरखत बसले. मग म्हणाले, “सुमे, तुला जायाचंच हाय का कळंबला?” मी म्हटलं, “व्हय आबा.” ते म्हणाले, “मग जुपतो.” आई आत गेली आणि पुरणाचं पातेलं असं आपटलं की लाख्या दचकून उठला.

सकाळी ओढ्यावर सगळ्या गावाचे बैल धुवायला आलेले. शिंगांना तांबडा हिंगूळ, वर बेगड, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. एवढा नटवून आबांनी हिऱ्याच्या खांद्यावर आईच्या जुन्या लुगड्याची जाड घडी ठेवली आणि तिच्यावर जू. शिवळ, म्हणजे जुवाची खुंटी, घालताना मान वळवून इकडं तिकडं बघितलं, जसं काही चोरी करतायत. गावातून गाडी निघाली तेव्हा ओट्यावरचे म्हातारे बोलायचे थांबले. एकानं विचारलं, “आबा, आज?” आबांनी मान वर केली नाही. माझ्या बापाला मी असं खाली मान घालून चालताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि ते ज्या माणसापायी बघावं लागलं त्याला मी त्या क्षणाला, भर सणाच्या दिवशी, मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साहेब अंगानं भरदार. गाडीत कुणीही मागं रेलून बसतो, म्हणजे भार चाकांवर येतो आणि बैलाची मान हलकी राहते. आबांनी तसं सांगितलंही. पण फोटोवाला समोरून फोटो घेणार होता, म्हणून गुरुजींनी साहेबांना पार पुढं, धुरेपाशी खुर्ची टाकून बसवलं. सगळा भार जुवावर. वाजंत्री लावून गाडी शाळेत आली आणि मला वाटलं आता बैल सुटले. पण नाही! गुरुजींची अक्कल अजून शिल्लक होती. साहेबांनी रथातूनच कविता ऐकायची, बैल समोर उभे, पुढं कन्या वंदन करते आहे, असं ते चित्र होतं. व्यासपीठ म्हणून मला एका टेबलावर चढवलं. मी वर उभी, समोर हातभर अंतरावर हिऱ्याचं तोंड. लुगड्याची घडी सरकून खाली लोंबत होती आणि रात्रीची हळद ओली होऊन तांबडी झालेली.

मी सुरू केलं. वंदन, अभिनंदन, मान डोलवली, मुठी धरल्या. दुसरं कडवं झालं, त्यात गोमाता आणि भारतमाता होत्या, बैल नव्हता. तिसरं आलं:

आज तुला रे पूर्ण विसावा,
स्कंधावरती भार नसावा,

आणि मी थांबले. विसरले नव्हते. माझ्या तोंडातून तो शब्द बाहेर पडला आणि त्याच वेळी हिऱ्यानं खांद्यावरची माशी उडवायला कातडी थरथरवली, जू हललं, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. गुरुजी टेबलाच्या कोपऱ्याशी उभं राहून हळू आवाजात सांगायला लागले, “सुखे बसावे, सुखे चरावे...” त्यांना वाटलं मी अडखळले. मी त्यांच्याकडं बघून, वेशीपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हटलं, “गुर्जी, आधी जू सोडा. मग म्हणते.”

गुरुजी दातओठ खात म्हणाले, “सुमन! पुढं म्हण.” मी म्हटलं, “भार नसावा म्हणायचं आन् भार ठिवायचा? मी न्हाय म्हणत. जू सोडा.” मागून बायांतून आईचा आवाज आला, “बरोबर हाय पोरीचं! सोडा!” मग ओट्यावरचे ते म्हातारे, मग सगळेच, सोडा, सोडा. साहेबांना काय चाललंय ते कळेना. ते हसऱ्या तोंडानं म्हणाले, “हो हो, सोडा ना, मुलगी म्हणते तर.” आबा तोवर उठून पुढं आलेले. त्यांनी शिवळ काढायला हात घातला आणि मग सगळ्यांच्याच ध्यानात आलं.

बैल सोडले की जुवाला खालून टेकू लागतो. नाहीतर गाडी नाकावर येते. टेकू घरी राहिला होता आणि साहेब ऐन पुढं खुर्चीवर. आबांनी जू दोन्ही हातांनी पेलून धरलं आणि म्हणाले, “धरा कुनीतरी! सायब पडतील!” लाख्याच्या बाजूला शाळेचा शिपाई बब्रुवान धावला आणि खांदा दिला. हिऱ्याच्या बाजूला सगळ्यांत जवळ कोण, तर गुरुजी. साहेब पडतील म्हटल्यावर तो माणूस धोतर सोडून धावला, आयुष्यात पहिल्यांदाच सोडलं असेल, आणि खांदा खाली घातला. आबांनी बैल काढून घेतले आणि लिंबाखाली नेले. साहेब उतरायला बघत होते, तर बब्रुवान ओरडला, “सायब, हलू नगा! मागं गेलात तर गाडी वर उलाळंल, फुडं आलात तर आमी मरू!” साहेब घट्ट बसले. आणि मी दिला होता तो शब्द पाळला. जू सुटलं होतं. मी कविता परत पहिल्यापासून सुरू केली.

हे वृषभराजा, तुजला वंदन. हात जोडले, समोर जो होता त्याला. हासत हासत ओढिशी नांगर, मान डोलवली. एरवी मी भरभर म्हणायची, गुरुजीच सांगायचे, सावकाश म्हण, अर्थ पोचू दे. त्या दिवशी मी सावकाश म्हटली. गाव हसून हसून जमिनीवर लोळायचं बाकी राहिलं. आभाराची कविता चालू असताना उठणं बरं दिसत नाही म्हणून साहेब मांडीवर ताल धरून बसून राहिले, आणि त्यांचा प्रत्येक ताल जुवावर उतरत होता. गुरुजींचं तोंड हिंगुळासारखं झालेलं. चारही कडवी झाली आणि लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मी हात वर केला. “अजून दोन ओळी हायेत,” म्हटलं, आणि थेट गुरुजींच्या डोळ्यांत बघून म्हटल्या:

तोंडाला मुसकं, समोर हिरवं रान,
ओळ सोडून गेली न्हाय कधी तुझी मान.

त्यांना बोलता येत नव्हतं तेव्हा, खांद्यावर एवढं असताना कुणाला बोलता येतं! नंतर उतरल्यावर साहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, शेवटच्या ओळी छान होत्या, कुणाच्या? मी म्हटलं, माझ्या. गुरुजी खांदा चोळत उभे होते.

वसतिगृहाची जागा मला मिळाली नाही. गुरुजींनी साहेबांच्या कानावर घातलं होतं ते एवढंच, मुलगी उद्धट आहे. आणि साहेबानं ते मान्य केलं. डोक्यावर हात ठेवणारा माणूस असाच असतो, हे मला तेव्हा कळलं ते बरंच झालं, पुढं फार उपयोगी पडलं. गुरुजींना आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली, त्या सोहळ्याचा फोटो जोडून. फोटो जू सोडायच्या आधीचा होता.

त्या दिवशी घरी आल्यावर आबा माझ्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बैलांपुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं, हिऱ्याला हातानं भरवली, आणि मग तेच ताट आईकडं देऊन म्हणाले, “सुमीला वाढ.” आई पोळीवर तुपाची धार सोडत म्हणाली, “परंड्याच्या लोकांना म्या न्हाय म्हनून सांगनार हाय.” हिऱ्याचा खांदा रब्बीपर्यंत वाळला. तिफण धरताना आबा दर तासाला त्याच्या खांद्यावर हात फिरवून बघायचे.

जूनमध्ये कळंबच्या शाळेत माझं नाव घातलं. राहायला आईची एक लांबची बहीण होती, तिच्याकडं. ती तऱ्हेवाईक होती, पण तो भाग वेगळा. पहाटे आबांनी गाडी जुंपली, माझी पेटी ठेवली, ज्वारीचं पोतं ठेवलं. मी हौसेनं पुढं आबांच्या शेजारी जाऊन बसले, वाट दिसावी म्हणून. वेशीबाहेर आल्यावर आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, “सुमे, जरा मागं सरकून बस. हिऱ्याच्या खांद्यावर येतंय.”

मी सरकले. कळंब येईपर्यंत पोत्याला टेकून तशीच बसून राहिले.